तीन ‘योग्य’

मागच्या वर्षी मे महिन्यात मी भुसावळला घरी होतो. पुण्याच्या कंपनीने दोन आठवडे घरून काम करायची मुभा दिली होती आणि मी ती वर्षातल्या सगळ्यात चुकीच्या महिन्यात घेतली होती. दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी अंगावर घेता येत नव्हतं.

आई एका छोट्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स आहे. एक डॉक्टर, आई, एक कंपाउंडर आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, एवढाच स्टाफ. एका संध्याकाळी ती घरी आली ती गप्प गप्पच. सकाळी रक्त तपासायला आलेल्या पेशंटला चक्कर आली होती, हात आपटून सलाईनची सुई निघाली आणि फरशीवर रक्त सांडलं. गर्दी होती. मावशींनी बाथरूममधलं ओलं फडकं आणलं, पुसलं, नळाखाली पिळलं. त्यांच्या बोटाला भाजी चिरताना झालेली ताजी चीर होती, हे आईला नंतर दिसलं.

पेशंटची कावीळ ‘ब’ची टेस्ट पॉझिटिव्ह आली. मावशींनी कधीच लस घेतली नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना पुढे पाठवून इंजेक्शन आणि लस सुरू केली. आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, असं सांगितलं.

‘ब’ काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणजे पिळून दांडीवर वाळत घातलेलं ते फडकं पुढचा आठवडाभर धोक्याचंच होतं. मी आईला विचारलं, “तुमच्याकडे याचे काही नियम नाहीत?”

“आहेत ना. फाइल आहे.”

दुसऱ्या दिवशी मी ती फाइल पाहिली. अकरा पानं, बहुतेक कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलची झेरॉक्स. रक्त सांडल्यावर काय करायचं ते सातव्या पानावर, एका वाक्यात होतं: योग्य संरक्षक साधने परिधान करून योग्य तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइट द्रावणाने योग्य संपर्ककाळ देऊन निर्जंतुकीकरण करावे.

मावशींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “भाऊ, येवढं वाचाले टाइम कुठं हाय?”

वाक्यात काहीही खोटं नाही. पण त्यात तीन ‘योग्य’ आहेत, आणि प्रत्येक ‘योग्य’ म्हणजे एक निर्णय. कुठली साधनं, किती तीव्र, किती वेळ? लिहिणाऱ्याने हे तिन्ही निर्णय टाळले आणि समोर पेशंट पडलेला असताना ते मावशींच्या माथी मारले. मी हा प्रकार ओळखतो. रात्री तीनला सर्व्हर बंद पडतो तेव्हा उघडायची जी सूचनांची यादी आम्ही लिहून ठेवतो, तिच्यातही ‘गरजेनुसार रीस्टार्ट करा’ अशी वाक्यं असतात. झोपेतून उठलेल्या माणसाला गरज ठरवता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, “कंप्युटरवाला आहेस, एका पानावर आणून दे.” मी ठरवलं, सगळी फाइल नाही, फक्त हे सातवं पान.

पहिला ‘योग्य’ तीव्रतेचा. फरशीवरच्या रक्तासाठी एक टक्का हायपो लागतं. फार पातळ चालत नाही, कारण रक्तातली प्रथिनं क्लोरीन खाऊन टाकतात आणि विषाणूंसाठी फारसं उरत नाही. दवाखान्यात पाच टक्क्यांची कॅन येते. म्हणजे एक भाग हायपो, चार भाग पाणी. मी लिहिलं: ‘एक मग हायपो, चार मग पाणी’. आईने विचारलं, “कुठला मग?” तिथे तीन मापांचे तीन मग होते.

म्हणून आम्ही मगच काढून टाकले. एक लिटरची, प्रकाश न जाणारी पांढरी बाटली घेतली. आत २०० मिलीच्या उंचीवर आणि एक लिटरच्या उंचीवर बाहेरून ऑइलपेंटने दोन रेषा मारल्या. खालच्या रेषेपर्यंत हायपो, वरच्यापर्यंत पाणी. रोज सकाळी कालचं ओतून टाकायचं आणि नवं भरायचं. यात एक खड्डा आहे: कधी दुकानदार दहा टक्क्यांची कॅन देतो, आणि रेषा खोटी पडते. हे मावशींच्या कार्डावर लिहून उपयोग नाही, कारण कॅन त्या आणत नाहीत. ते कंपाउंडरच्या खरेदीच्या वहीत गेलं: ‘लेबलवर ५ टक्के नसेल तर परत करा.’

मग भुसावळचा उन्हाळा आडवा आला. कॅन पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली असायची. हायपो उष्णतेने आणि उजेडाने आपोआप विघटित होतं आणि वासावरून ते कळत नाही, कारण कमजोर झालेलं हायपोसुद्धा तितकंच नाकात जातं. मी क्लोरीन तपासायच्या पट्ट्या मागवल्या. त्या फार कमी तीव्रता मोजतात, म्हणून आमच्या बाटलीतलं एक मिली घेऊन पाणी घालून शंभर मिली केलं. बरोबर असतं तर पट्टीने १०० पीपीएम दाखवायला हवं होतं. तिने ५० दाखवलं. आम्ही रेषा पाळून, मन लावून, अर्ध्या ताकदीचं द्रावण बनवत होतो. कॅन जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात गेली, आणि मोठ्या कॅनऐवजी दर महिन्याला छोटी घ्यायची ठरलं.

मग पहिलं कार्ड लिहिलं आणि बीटाचं पाणी फरशीवर ओतून मावशींना म्हटलं, करा. मी फक्त बघणार होतो, बोलणार नव्हतो.

पहिल्याच पायरीला त्या अडकल्या. ‘ग्लोव्हज घाला’. ग्लोव्हज डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आत पेशंट. त्या दारात उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात एक माणूस बीटाच्या पाण्यातून चालत गेला. पुढे त्यांनी हायपो ओतलं, आणि ‘वेळ लिहा’ या पायरीसाठी त्याच ग्लोव्हजनी मार्कर उचलला. बीटाचा लाल ठसा मार्करवर उमटला. तो मार्कर नंतर आईने उचलला असता. शेवटची पायरी होती ‘दहा मिनिटं थांबा’. मावशी दोन मिनिटं थांबल्या, मग कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी पुसून टाकलं. त्यांची चूक नव्हती. बाहेर वीस पेशंट असताना कुणी फरशीकडे बघत उभं राहत नाही.

मी तेव्हा पीटर प्रोनोवोस्ट यांच्या कामाविषयी वाचत होतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या या डॉक्टरांनी २००१ साली मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा संसर्ग टाळायला पाच पायऱ्यांची यादी केली. मग मिशिगन राज्यातल्या आयसीयूंमध्ये ती वापरली गेली आणि २००६ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांत किमान निम्म्या आयसीयूंमध्ये हा संसर्ग शून्यावर आला होता. गोष्ट सांगताना सगळे यादीचंच कौतुक करतात. पण तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी होत्या. लागणारं सगळं सामान एका ढकलगाडीत आणून ठेवलं होतं. आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता.

आमची ढकलगाडी म्हणजे झाकणाचा एक डबा, बेसिनच्या खाली. त्यात ग्लोव्हजच्या दोन जोड्या, टिश्यूचा रोल, एक पिवळी पिशवी, एक लाल पिशवी, हायपोची बाटली, आणि खडूसकट छोटी पाटी. मग पायऱ्यांचा क्रम बदलला. लिहायचं काम ग्लोव्हजच्या आधी आणलं. थांबायचं काम माणसाकडून काढून खुर्चीला दिलं. आणि एका कार्डाची दोन कार्डं झाली, कारण मधल्या वेळात मावशी दुसरं काम करणार हे आम्ही मान्य केलं.

लगेच

१. भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा बघा. तीन आकडे पुढचा आकडा पाटीवर लिहा.
२. खुर्ची रक्तावर उभी करा. पाटी खुर्चीवर ठेवा.
३. ग्लोव्हज घाला.
४. रक्त टिश्यूने झाका.
५. टिश्यू चिंब होईपर्यंत बाटलीतलं ओता.
६. ग्लोव्हज काढा, लाल पिशवीत टाका.
७. हात साबणाने धुवा.

काटा पाटीवरच्या आकड्यावर आला की

१. नवे ग्लोव्हज घाला.
२. टिश्यू उचला, पिवळ्या पिशवीत टाका.
३. नवा टिश्यू बाटलीतल्या पाण्याने भिजवा, जागा पुसा, पिवळ्या पिशवीत टाका.
४. ग्लोव्हज लाल पिशवीत टाका.
५. हात साबणाने धुवा.
६. पाटी पुसा. डबा पुन्हा भरा.

तीन आकडे म्हणजे पंधरा मिनिटं. पाच मिनिटं तयारीची, दहा हायपोची. आधी झाकायचं आणि मग ओतायचं, कारण उघड्या रक्तावर ओतलं की शिंतोडे उडतात आणि डाग पसरतो. कार्डाच्या तळाशी दोनच ओळी ठेवल्या. ‘काच फुटली असेल तर हात लावू नका, सिस्टरना बोलवा.’ आणि ‘यात ॲसिड कधीही घालू नका.’ संडास धुवायचं ॲसिड आणि हायपो एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि डाग हटत नसला की आपल्याकडे हात पहिला ॲसिडच्या बाटलीकडे जातो.

‘का’ची कारणं कार्डावर नाहीत. ती आईने एका दुपारी सगळ्यांना बसवून सांगितली. कारण एकदा समजून घ्यायचं असतं, पायरी दर वेळी वाचायची असते.

दुसऱ्यांदा बीटाचं पाणी ओतलं तेव्हा पहिलं कार्ड चार मिनिटांत झालं.

हे कार्ड पाळलं जातं का, हे कसं कळणार? डॉक्टरांना टिकमार्कचा तक्ता हवा होता. मी नको म्हटलं. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने केलेल्या टिकमार्क मी ऑफिसात पुष्कळ पाहिल्यात. त्याऐवजी आई डब्याच्या झाकणावर आत, रक्त सांडलं की एक रेघ मारते, आणि महिनाअखेर कंपाउंडर त्या डब्यासाठी काढलेल्या ग्लोव्हजच्या जोड्या मोजतो. एका रेघेला दोन जोड्या. जूनमध्ये पाच रेघा होत्या आणि सात जोड्या गेल्या होत्या. म्हणजे तीनदा दुसरं कार्ड जुन्याच ग्लोव्हजवर किंवा उघड्या हातांनी झालं होतं. विचारलं तर कळलं, दुसरी जोडी मावशींच्या हाताला लहान पडत होती. डब्यात मोठे ग्लोव्हज ठेवले. जुलैत चार रेघा, आठ जोड्या.

कार्डाने सगळं सुटत नाही. सुई टोचली तर ते कामाचं नाही. लसीची जागाही ते घेऊ शकत नाही. म्हणून त्याच महिन्यात कंपाउंडरलाही लस सुरू झाली: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी.

नोव्हेंबरमध्ये मावशींचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. आईने फोनवर आधी तेच सांगितलं, आणि मग हसत म्हणाली, काल डॉक्टर घाईत केबिनमधून निघाले आणि सरळ खुर्चीकडे चालत आले. मावशी कोपऱ्यातून ओरडल्या, “सर, पाटी बघा!”

डॉक्टर थांबले, आणि वळसा घालून गेले.