नंबर वाढला नव्हता, अंतर चुकलं होतं

पेणला माझा दवाखाना आहे आणि दर गुरुवारी मी रोह्याला डोळे तपासायला जाते. धाटाव एमआयडीसीत नोकरी करणारे बरेच रुग्ण तिथे येतात. त्यातल्या एका काकांची ही गोष्ट. चूक थोडी त्यांच्या ऑफिसची होती आणि थोडी माझी. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत असाल, तर ती तुमच्याही कामाला येईल.

काकांचं वय ५६. एका कारखान्यात हिशेब सांभाळतात. लांबचा नंबर नाही. वाचायला मी सहा महिन्यांपूर्वी +२.२५ चा चष्मा दिला होता. एका गुरुवारी ते आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, नंबर वाढलाय. नवीन स्क्रीन आल्यापासून आकडे दिसतच नाहीत. मान धरते, संध्याकाळी कपाळ ठणकतं."

मी तपासलं. नंबर तोच होता. हातात पुस्तक दिलं तर बारीक टाइप घडाघडा वाचला. मोतीबिंदू नाही, डोळ्याचा दाब ठीक, पडदा ठीक. मग मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो खरं तर सहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता. "काका, तुमची स्क्रीन डोळ्यापासून किती लांब आहे?"

त्यांना सांगता येईना. मी त्यांना शिंप्याची टेप न्यायला सांगितली. खुर्चीला पाठ टेकून नेहमीसारखं बसायचं आणि सहकाऱ्याला डोळ्याच्या कडेपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला लावायचं. दुसरं माप प्रत्यक्ष काम करताना घ्यायचं, जेव्हा आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे हे आपण विसरलेलो असतो. पुढच्या गुरुवारी ते दोन्ही आकडे घेऊन आले. पाठ टेकून ६५ सेंटीमीटर, काम करताना ४२. म्हणजे दिवसाचे सात-आठ तास काका खुर्चीच्या टोकावर पुढे वाकून बसत होते. मान धरणारच.

ते का वाकत होते? कारणं दोन निघाली.

पहिलं कारण चष्मा. लांबचा नंबर शून्य असलेल्या माणसाला वाचनाचा चष्मा किती अंतरापर्यंत चालेल, हे काढायला सोपा हिशेब आहे. १०० ला चष्म्याच्या नंबराने भागा, उत्तर सेंटीमीटरमध्ये येतं. १०० भागिले २.२५ म्हणजे साधारण ४४. त्या चष्म्यातून ४४ सेंटीमीटरपलीकडचं सगळं धूसर होत जातं. पेपर आपण ४० सेंटीमीटरवर धरतो, म्हणून पेपरला तो चष्मा बरोबर होता. ६५ सेंटीमीटरवरच्या स्क्रीनला तो चुकीचा होता. ही चूक माझी. मी वाचनाचा नंबर दिला, पण काका दिवसभर वाचतात ते कुठे, हे विचारलं नाही.

दुसरं कारण स्क्रीन. ऑफिसने जुनी २४ इंची स्क्रीन काढून २७ इंची फोर-के स्क्रीन दिली होती. स्क्रीन मोठी झाली म्हणजे अक्षर मोठं होईल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं बनतं. जुन्या २४ इंची फुल एचडी स्क्रीनवर एक ठिपका साधारण ०.२८ मिलिमीटरचा असतो. २७ इंची फोर-के स्क्रीनवर तो जेमतेम ०.१६ मिलिमीटरचा असतो. कॉम्प्युटर अक्षर ठिपके मोजून काढतो. ठिपके तेवढेच राहिले आणि ठिपका लहान झाला, तर अक्षर लहान होणारच. त्यावर उपाय म्हणून कॉम्प्युटरमध्ये स्केलिंग असतं, ज्याने अक्षर जास्त ठिपके वापरून काढलं जातं. पण स्क्रीन बसवणाऱ्याने "सगळी शीट एका नजरेत दिसू दे" म्हणून ते १०० टक्क्यांवर ठेवलं होतं. त्यामुळे एक्सेलच्या नेहमीच्या ११ च्या फाँटमधलं कॅपिटल अक्षर जुन्या स्क्रीनवर सुमारे २.६ मिलिमीटर होतं, ते नव्या स्क्रीनवर दीड मिलिमीटर झालं.

बारीक अक्षर जवळ ओढत होतं आणि माझा चष्माही जवळ ओढत होता. दोघांनी मिळून काकांना ४२ सेंटीमीटरवर आणून बसवलं. तिथे सगळं दिसत होतं, म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

आता अक्षर किती मोठं हवं ते पाहू. दवाखान्यातल्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ तुम्हाला आठवत असेल. त्या ओळीतलं अक्षर डोळ्यात ५ मिनिटांचा कोन करतं. ही मिनिटं वेळेची नव्हेत, एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. पण ती ओळ म्हणजे निरोगी डोळ्याची जवळपास शेवटची पायरी. तेवढी बारीक अक्षरं आपण पाच-सहा वाचू शकतो, दिवसभर वाचू शकत नाही. स्क्रीनवरच्या कामासाठी आयएसओ ९२४१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात अक्षराची उंची किमान १६ मिनिटं असावी आणि २० ते २२ मिनिटं असेल तर उत्तम, असं म्हटलं आहे. काकांचं दीड मिलिमीटरचं अक्षर ६५ सेंटीमीटरवरून जेमतेम ८ मिनिटांचं होतं.

हे कोन विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायला सोपं असं: दर १० सेंटीमीटर अंतरामागे अक्षराची उंची अर्धा मिलिमीटर किंवा थोडी जास्त, ०.६ पर्यंत. ५० सेंटीमीटरवर अडीच ते तीन मिलिमीटर, ६५ वर सव्वातीन ते चार मिलिमीटर. शाळेची पट्टी स्क्रीनला लावून इंग्रजी कॅपिटल H मोजा. मराठीत काम करत असाल तर फाँट एक पायरी मोठा ठेवा. मात्रा, रफार आणि उकार यांना ओळीत जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच फाँट साइजला मूळ अक्षर लहान पडतं आणि जोडाक्षरं गिचमिड दिसतात.

काकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही काय बदललं, ते क्रमाने सांगते. आधी अंतर ठरवलं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पाठ खुर्चीला टेकलेली आणि स्क्रीन ६५ सेंटीमीटरवर. मग Settings → System → Display इथे जाऊन Scale १०० वरून १७५ टक्के केलं. १७५ च का? जुना ठिपका ०.२८ आणि नवा ०.१६, म्हणजे जुना जवळजवळ पावणेदोन पट मोठा. तेवढंच स्केलिंग दिलं की मेनू, बटणं आणि अक्षरं जुन्या स्क्रीनइतकी होतात. पण ५६ वर्षांच्या डोळ्याला जुनी २.६ मिलिमीटरही कमीच होती. म्हणून एक्सेलमध्ये शीटचा झूम १२५ टक्के केला आणि अक्षर ३.२ मिलिमीटरवर आलं. शीटवर जुन्या स्क्रीनपेक्षा एखादा रकाना कमी दिसतो, एवढंच नुकसान. शेवटी मी चष्मा बदलला. कॉम्प्युटरसाठी वेगळा +१.२५ चा. वरच्याच हिशेबाने तो ८० सेंटीमीटरपर्यंत चालतो.

बदल केल्यावर एखादा जुना प्रोग्रॅम अंधुक दिसला तर घाबरू नका. एकदा साइन आउट करून परत साइन इन केलं की बऱ्याचदा तो नीट होतो.

एक गोष्ट मात्र करू नका. अक्षर मोठं करायला Display resolution कमी करू नका. तिथे (Recommended) लिहिलेलं असतं, तेच ठेवा. ते कमी केलं की एका ठिपक्याचं चित्र शेजारच्या ठिपक्यांवर सांडतं आणि अक्षराची कड फिस्कटते. चष्मा चुकल्यावर दिसतं अगदी तसंच दिसतं. म्हणून लोक नंबर तपासायला येतात. ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रीन अंधुक दिसते आणि तेवढ्याच अंतरावर धरलेला छापील कागद स्वच्छ दिसतो, तर दोष स्क्रीनच्या सेटिंगमध्ये आहे. कागदही अंधुक दिसत असेल, तर चष्मा किंवा डोळा तपासा.

उलटी चूक माझ्याच पेणच्या दवाखान्यात झाली होती. रिसेप्शनच्या मुलीला बारीक दिसू नये म्हणून मी ३२ इंची टीव्ही लावून दिला. काउंटर अरुंद, ती बसते ५५ सेंटीमीटरवर आणि टीव्ही ७१ सेंटीमीटर रुंद. डाव्या कोपऱ्यातलं नाव आणि उजव्या कोपऱ्यातली वेळ वाचायला ती दिवसभर मान फिरवत होती. फुल एचडी टीव्ही एवढ्या जवळून पाहिल्यावर ठिपकेही वेगवेगळे दिसत होते. तेव्हापासून मी असं सांगते की स्क्रीनची रुंदी तुमच्या अंतरापेक्षा जास्त नको. २४ इंची स्क्रीन ५३ सेंटीमीटर रुंद असते, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१. टेबलाची खोली आधी मोजा, मग दुकानात जा. तिच्यासाठी २४ इंची पुरेशी ठरली.

महिन्याने काका आले. काम करताना मोजलेलं अंतर ६३ सेंटीमीटर. मान सुटली होती, कपाळाचं ठणकणंही गेलं होतं. मी मात्र माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढवली आहे: "स्क्रीनचं अंतर किती?" तुम्ही डोळे तपासायला जाल तेव्हा हा आकडा मोजून न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

अचानक एका डोळ्याने कमी दिसू लागलं, एकाचे दोन दिसले, चमका दिसल्या, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर मात्र टेप शोधत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल आणि नंबर आठवड्या-आठवड्याला बदलल्यासारखा वाटत असेल, तर आधी साखर तपासून घ्या.