डिसेंबरात तोटा विकता येतो!

गेल्या आठवड्यात टेरन्स ओडीन यांचा १९९८ चा शोधनिबंध वाचला आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलोय! वर असलेला शेअर घाईने विकायचा आणि पडलेला धरून बसायचा, या सवयीला शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ असं नाव दिलं होतं. ओडीननी ती मोजली. अमेरिकेतल्या एका ब्रोकरची दहा हजार खाती घेतली आणि ज्या दिवशी एखाद्याने काही विकलं, त्या दिवशी त्याच्याकडे नफ्यातले, तोट्यातले किती शेअर होते आणि त्यातले कोणते गेले, ते पाहिलं. विकता येण्याजोग्या नफ्यांपैकी सुमारे १५ टक्के विकले गेले, तोट्यांपैकी जेमतेम १०. आणि नफ्यात विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या पडक्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले!

समजा, तुम्ही दोन शेअर ५०० ला घेतलेत. आज एक ६०० वर आहे, दुसरा ४०० वर. पैशांची गरज पडली की हात ६०० वाल्याकडेच जातो, कारण तो विकला की आपण बरोबर होतो असं वाटतं. ४०० वाला विकला तर चूक कायमची लिहिली जाते. ‘खरेदी भाव आला की निघतो’ हे वाक्य तिथूनच येतं. पण त्या शेअरला आपला ५०० चा भाव माहीतच नाही! शिवाय पहिल्यावर कर लागतो, दुसऱ्याचा तोटा मात्र करपात्र भांडवली नफ्यातून वजा करता येतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: डिसेंबरात हे चित्र उलटं होतं! अमेरिकेत कराचं वर्ष तेव्हा संपतं, आणि तीच माणसं नफ्यापेक्षा तोटे जास्त प्रमाणात विकतात. म्हणजे आपल्याला विकता येतं, फक्त बाहेरून तारीख यावी लागते. वेबर आणि कॅमेरर यांच्या प्रयोगात प्रत्येक फेरीअखेर शेअर आपोआप विकले गेले. हवे तर फुकट परत घ्यायची मुभा होती. लोकांनी पडके शेअर फारसे परत घेतलेच नाहीत.

म्हणून नियम असा: घेतानाच बाहेर पडायचा भाव लिहा आणि तिथे स्टॉपलॉस लावा. (बाजार खाली उघडला तर ४५० चा स्टॉपलॉस ४२० लाही सुटतो, आणि लिमिट ऑर्डर असेल तर सुटतही नाही, हे लक्षात असू द्या.) दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीला मला तारीख जास्त पटते, कारण चांगली कंपनीही २० टक्के पडते. तिमाही निकालानंतर खरेदी भावाचा रकाना झाकायचा आणि विचारायचं: हातात रोख असती, तर आजच्या भावाला हा घेतला असता का? ‘नाही’ असेल तर विकायचा.

आपल्याकडे कराचं वर्ष ३१ मार्चला संपतं, पण तोपर्यंत थांबू नका. आज रात्रीच तो रकाना झाकून यादी वाचा.