उठाव एकाच वस्तूला

धाकट्या बहिणीने ईदसाठी गर्द हिरवा कुर्ता सेट शिवला. गळ्यावर सोनेरी जरीकाम, शिफॉनच्या दुपट्ट्यावर मरून बुट्ट्या. तिला मोठे झुमके, खड्यांच्या सँडल आणि हिरवी पर्स घ्यायची होती. मी म्हटलं, "गळ्याशी जरी आहेच. शिवाय तू दुपट्टा डोक्यावर घेतेस. झुमका त्यात अडकला की शिफॉनचा धागा ओढला जातो."

म्हणून कानात सपाट सोनेरी टॉप्स घेतले. पायांत त्याच सोनेरी रंगाची साधी मोजडी. पर्स मात्र बुट्ट्यांसारखी मरून, कारण हिरव्यावर हिरवं घेताना छटा थोडी जरी चुकली तरी ती लगेच खटकते. उठाव पर्सला मिळाला. बाकी सगळं जरीच्या मागे राहिलं. दुपट्टा डोक्यावर घेऊनच आरशात पाहावं. आधी कपड्यांऐवजी दागिना दिसला, तर तो उतरवावा.