काळ्या टी-शर्टमधलं मीठ

कपडा धुताना बादलीत काळं पाणी सुटलं की आपण म्हणतो, रंग कच्चा आहे. मी काही वर्षं डाइंगच्या खात्यात काढली आहेत. मला विचाराल तर नदीला खरा त्रास रंगापेक्षा मिठाचा.

सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग आपण होऊन नीट चढत नाही. पाण्यात सुताला ऋण भार येतो, रंगालाही तोच, म्हणून दोघं एकमेकांना लोटतात. ते लोटणं कमी करायला मीठ लागतं, आणि नंतर रंग पक्का करायला सोडा. आता हिशोब बघा. १०० किलो होजिअरी कापड, मशीनमध्ये ८०० लिटर पाणी. गडद काळ्यासाठी लिटरला ८० ग्रॅम धरलं तर ६४ किलो मीठ! फिक्या रंगाला लिटरला २० ग्रॅममध्येही भागतं, म्हणजे १६ किलो. यातलं कापडात काहीच राहत नाही, सगळं गटारात. दीडशे ग्रॅमच्या एका काळ्या टी-शर्टमागे साधारण शंभर ग्रॅम मीठ झालं.

धुलाई, ब्लीच, रंग, आम्ल, गरम साबणाचं पाणी, परत साधं पाणी असं आठ वेळा मशीन भरलं की ६४०० लिटर होतात. ते सगळं एकत्र केलं तरी लिटरला दहा ग्रॅम मीठ उरतं. नियमातली जुनी मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. चुना-फेरस टाकून रंग बसवता येतो, जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण विरघळलेलं मीठ दोन्हीतून जसंच्या तसं पुढे जातं. त्यामुळे पाणी नितळ दिसलं म्हणून फसू नका, त्यात टीडीएस मीटर बुडवून बघा.

तमिळनाडूत तिरुप्पूरला हेच झालं. आपल्याकडच्या दुकानांतले कितीतरी टी-शर्ट तिथूनच येतात. नोय्यल नदीवर शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपालयम धरणात डाइंगचं खारं पाणी साठलं, आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी ‘पाणी सोडू नका’ म्हणू लागले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाइंग युनिटं बंद करायला लावली. आता तिथे आरओ लावून पाणी परत वापरतात. उरलेलं खारं पाणी बाष्पीभवनाने आटवायचं, म्हणजे बॉयलरला इंधन आलंच. ते करूनही शेवटी काही मिश्र क्षार उरतात. ते डाइंगला चालत नाहीत, गोण्यांत भरून ठेवावे लागतात.

हा खर्च किलोमागे पडतो. दर आठवड्याला नवा माल, तोही दीडशे रुपयांत, म्हटल्यावर तो कुठून निघणार? घाईच्या ऑर्डरीत साबणाच्या धुलाया कमी करा म्हणून वरून फोन यायचे. न चिकटलेला रंग मग कापडातच राहतो आणि तुमच्या बादलीत सुटतो.

दुकानात ओला पांढरा रुमाल शिवणीच्या आतल्या बाजूला घासून बघा. काळा झाला तर ती धुलाई वाचवलेली असण्याची शक्यता बरीच. मिठाचं मात्र टी-शर्टकडे बघून काहीच कळत नाही; त्यासाठी नाल्यावरच जावं लागतं.