वर आलेलं हाड

टाइप तीन म्हटलं की ऑर्थोपेडिक सर्जनांच्या बैठकीत दोन तट पडतात. बरीच वर्षं मी चाकूच्या तटात होतो. आता तिथून उठून आलोय, पण दुसऱ्या तटातही नीट बसलेलो नाही. हे घडलं ते आमच्याकडे शिकायला आलेल्या एका रेसिडेंट मुलीच्या एका सवयीमुळे. खांद्याच्या टोकाला मार लागलेला पेशंट आला की ती दुखऱ्या बाजूच्या एक्स-रेवर समाधान मानत नाही. दोन्ही खांदे एकाच फिल्मवर घ्यायला लावते, स्वतः मोजते, आणि दोन आठवड्यांनी तोच पेशंट पुन्हा मोजते. तिचे हे दुसऱ्या वेळचे आकडे मला त्रास देऊ लागले.

कॉलरबोनचं बाहेरचं टोक फऱ्याच्या पुढे आलेल्या छपराला जिथे टेकतं, तो एसी सांधा. त्याच्यावर स्वतःची छोटी लिगामेंट्स असतात. हाडाला पुढे-मागे सरकू न देणं हे त्यांचं काम. खऱ्या ताकदीची दोन, कोनॉइड आणि ट्रॅपेझॉइड, जरा आतल्या बाजूला, कोरॅकॉइडपासून कॉलरबोनपर्यंत गेलेली. ती हाताचं वजन पेलतात. वरची नुसती ताणली गेली तर टाइप एक. वरची तुटली पण खालची टिकली तर दोन. दोन्ही गेली तर तीन. कोरॅकॉइड आणि कॉलरबोन यांच्यामधलं अंतर दुसऱ्या खांद्यापेक्षा पाव ते शंभर टक्के वाढलं असेल तोवर तीन, शंभराच्या पुढे गेलं की पाच. हाड मागे स्नायूत घुसलं तर चार. सहा आयुष्यात क्वचितच दिसतो. रॉकवूडने 1984 मध्ये हे सहा प्रकार मांडले, तेव्हापासून आम्ही सगळे याच पट्टीने बोलतो. एक-दोनला ऑपरेशन नाही, चार-पाच-सहाला बहुतेक वेळा आहे, यावर फारसा वाद होत नाही. वाद तीनचा, आणि तीन-पाचच्या सीमेचा.

सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हमाल मोटरसायकलवरून थेट खांद्यावर पडले. वय चाळिशीच्या आतलं. चांगल्या बाजूला अंतर 11 मिलिमीटर, दुखऱ्या बाजूला 20. वाढ नऊची, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या थोडी वर. टाइप तीन. दोन आठवड्यांनी त्या मुलीने पुन्हा मोजलं तर 23. वाढ बाराची, म्हणजे शंभरावर नऊ टक्के. टाइप पाच. मधल्या काळात माणूस पडला नव्हता, काही उचललं नव्हतं, झोळी नीट वापरत होता.

मग झालं काय? पहिल्या दिवशी ते दुसऱ्या हाताने कोपर धरून उभे होते. दुखत असताना कोणीही तसंच उभं राहतं, आणि मानेचे-खांद्याचे स्नायू आखडून हात वर धरून ठेवतात. दोन आठवड्यांत वेदना उतरली, स्नायू सैल पडले, हात मोकळा लोंबला. कॉलरबोन वर आलेलंच नसतं. ते जवळजवळ आपल्या जागीच असतं. खाली जातो तो तीन-चार किलोचा हात, आणि त्याच्याबरोबर फरा. उंचवटा दिसतो वर, बिघाड असतो खाली. हे प्रत्येक सर्जनला पाठ असतं. तरीही एक्स-रे समोर आला की हात त्या वर आलेल्या हाडाला दाबायला शिवशिवतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर ऑपरेशन ठरवलं की आपण दुखापतीबरोबर त्या दिवसाची वेदनाही मोजलेली असते.

आकडा पाच म्हणत असूनही मी त्यांना टेबलावर घेतलं नाही. खांदे वर उचला म्हटलं. उचलले, आणि उंचवटा बसला. टाइप पाचमध्ये डेल्टॉइड आणि ट्रॅपेझियसचं आवरण हाडावरून सोलून निघालेलं असतं. हाडाचं टोक त्यातून वर येतं आणि खांदे उचलून बहुधा परत बसत नाही. इथे बसलं, म्हणजे आवरण शाबूत होतं. मग हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेऊन एक्स-रे घेतला. कॉलरबोन छपरावर चढतंय का, ते बघायचं होतं. चढत नव्हतं. टोक बोटांत धरून पुढे-मागे हलवलं, थोडं दुखलं, पण सरकलं नाही.

त्यांचा प्रश्न एकच होता. ‘‘साहेब, पोतं उचलता ईल का न्हाई, तेवढं सांगा.’’

‘‘येईल. पण तीन महिने लागतील, आणि हा टेंगूळ राहील.’’

‘‘टेंगळाचं काय करायचंय मला!’’

झोळी आणखी थोडे दिवस. मग फऱ्याचे व्यायाम: भिंतीवर हात टेकून ढकलणं, रबर बँड मागे ओढणं, आणि या सगळ्यात फरा बरगडीपासून सुटू न देणं. सहा आठवडे वजन नाही, त्यानंतर वाढवत जायचं. चौथ्या महिन्यात ते यार्डात परतले. पोतं आता दुसऱ्या खांद्यावर घेतात, कारण उंचवट्याच्या कातडीवर ओझं टोचतं. या माणसाच्या त्याच जागी प्लेट आणि टाक्यांची रेघ असती तर तिथेही टोचलंच असतं.

ही गोष्ट नवी नाही. हिपोक्रॅटिसने लिहून ठेवलंय की हा उंचवटा जात नाही, पण त्याने हाताचं काम फारसं अडत नाही. कुस्ती करताना खुद्द गॅलनचा खांदा असाच निखळला होता, आणि त्याने स्वतःवर घट्ट बांधण्याचा प्रयोग केला. आमच्या भागातल्या तालमींत आजही अशा खांद्यावर पट्टे आवळणारे आहेत. पट्टा हाड दाबून ठेवतो तो त्याखालची कातडी सोलेपर्यंतच. काढला की हाड पुन्हा तिथेच.

आपल्या काळात याची कसोटी नीट लागली. कॅनडातल्या सर्जनांनी 83 पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला हुक प्लेट, दुसऱ्याला झोळी आणि व्यायाम. 2015 मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांना आणि तीन महिन्यांना ऑपरेशन न झालेल्यांचे हात अधिक चांगले चालत होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. एक्स-रे मात्र ऑपरेशनवाल्यांचेच सुंदर होते. 2018 मध्ये स्कॉटलंडमधून 60 पेशंटांचा अभ्यास आला. तिथे हुक प्लेट नव्हती, बटण आणि दोऱ्याची नवी पद्धत होती. वर्षभराने तिथेही खांद्याच्या कामात फरक नव्हता.

सुंदर एक्स-रे. इथे माझा अहंकार गुंतलाय, आणि तो मला नाकारायचा नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिल्म लावावी आणि कॉलरबोन छपराशी एका रेषेत दिसावं, याच्यासारखं समाधान आमच्या कामात फार थोडं मिळतं. आधीच्या आणि नंतरच्या अशा जोड्या मी परिषदांत दाखवल्या आहेत. सभागृहातून येणारी दाद मला आवडायची, अजून आवडते. पेशंट दोन वर्षांनी काय करतोय, हे सांगणारी स्लाइड मी कधी केली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.

आता नव्या मंडळींबद्दल. व्हॉट्सॲपवर एक्स-रे येतो, खाली लिहिलेलं असतं ‘टाइप पाच, उद्या घेऊ का?’ खांद्याला हात लावलेला नसतो. दुसरी बाजू घेतलेली नसते. नेहमीच्या खांद्याच्या फिल्ममध्ये हा सांधा काळा पडतो, म्हणून किरण दहा-पंधरा अंश वर झुकवून आणि मात्रा कमी करून घ्यावी लागते, हे कोणी टेक्निशियनला सांगत नाही. आणि घाईला कारण तयार असतं: तीन आठवड्यांच्या आत केलं तर तुटलेली लिगामेंट्स आपोआप जुळतात, नंतर दुसरीकडचा टेंडन घालावा लागतो. हे खरं आहे. पण या एका खरेपणावर, ज्यांना ऑपरेशन कधी लागलंच नसतं असे कितीतरी खांदे उघडले जातात. हुक प्लेट तर काही महिन्यांत पुन्हा काढावीच लागते, नाहीतर तिचा आकडा छपराचं हाड आतून झिजवतो.

मग ऑपरेशन कोणाला? ज्याचा खांदा तीन-चार महिन्यांच्या खऱ्याखुऱ्या व्यायामानंतरही ऐकत नाही त्याला. आमच्याकडे असा एक रंगारी आला होता. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये त्याचा आकडा हमालापेक्षा कमी होता. पण छत रंगवायला हात वर गेला की दहा मिनिटांत खांदा भरून यायचा, आणि पाठीमागून पाहिलं तर फऱ्याची आतली कड उचललेली दिसायची. मी कॉलरबोनचं टोक धरलं तर ते मागे सरकत होतं. बगलेतून घेतलेल्या एक्स-रेत तेच दिसलं. समोरच्या फिल्मला वर-खाली कळतं, पुढे-मागे कळत नाही. या माणसाचं दुखणं पुढे-मागेच होतं.

त्याच्या गुडघ्यामागचा टेंडन घेतला, कोरॅकॉइडखालून ओवला. सगळी भीती इथेच असते. कोरॅकॉइडच्या आतल्या बाजूला हाताच्या मुख्य नसा आणि धमनी आहे, त्यामुळे अवजार हाडाला खरवडत, हाड सोडू न देता फिरवावं लागतं. कॉलरबोनमधलं पहिलं छिद्र टोकापासून साडेचार सेंटिमीटर आत, कोनॉइडच्या जागी. दुसरं त्याच्या बाहेर दीड सेंटिमीटरवर. छिद्रं रुंद झाली किंवा एकमेकांजवळ आली तर पुढे हाड तिथेच मोडतं. उरलेलं टेंडनचं टोक मी एसी सांध्यावरून नेऊन शिवलं. अनेक जण हे शेवटचं सोडतात. खालची दोरी बांधली, एक्स-रे सरळ आला, झालं. मग हाड खाली राहतं आणि पुढे-मागे हलत राहतं, आणि पेशंट म्हणतो की दुखणं होतं तसंच आहे.

सहा महिन्यांनी त्याची फिल्म काढली. दुसऱ्या दिवशीची एका रेषेतली जुळणी गेली होती. चांगल्या बाजूपेक्षा अंतर पाच मिलिमीटरने जास्त. टेंडन थोडा ताणला जातो, हे या ऑपरेशनमध्ये वारंवार दिसतं. रेसिडेंटने मोजलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘सर, रिव्हिजन?’’

मी टोक धरून हलवलं. मागे सरकलं नाही. रंगारी दिवसभर छत रंगवतोय, फरा बरगडीला धरून आहे. ही फिल्म मी कुठल्याही परिषदेत दाखवणार नाही, हे मनात आलं, आणि आपल्याला ते बोचतंय हेही जाणवलं. तिला सांगितलं, रिव्हिजन नाही. हा खांदा बरा झालाय.