मामाचा रॉकेट आणि उसातला बिबट्या

ओतूरजवळ मामाचं शेत आहे. थ्री-फेज लाइट रात्रीची असली की दहा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं लागतं. जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेनं चालायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या दिवाळीत एका रात्री मामा असाच जाऊन आला. सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर वाडीच्या ग्रुपवर पावणेदहाचा मेसेज होता, बांधावर बिबट्या दिसलाय. म्हणजे मामा घराबाहेर पडायच्या आधीचा. फोन खिशातच होता, पण वाजलाच नाही.

"रेंज नसंल," मामा म्हणाला.

रेंज होती. मी फोन हातात घेतला आणि पहिल्या पानावर रॉकेटचं चित्र दिसलं. बूस्टर ॲप! मामा रोज झोपायच्या आधी आणि शेतावर निघताना ते दाबायचा. "१.८ जीबी साफ होतं बघ."

मी सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघितलं, १.१ जीबी रिकामी. रॉकेट दाबलं, परत बघितलं. १.१ जीबीच! ते १.८ जीबी रॅममधले होते, स्टोरेजमधले नाहीत. ॲप पुन्हा पटकन उघडावीत म्हणून अँड्रॉइड ती मुद्दाम रॅममध्ये ठेवतं आणि जागा लागली की स्वतःच काढतं. आपण काढली तर ती पहिल्यापासून उघडावी लागतात, त्यात बॅटरी जास्त जाते.

खरा घोळ पुढे होता. मामानं त्या ॲपला 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगी दिली होती. ही परवानगी असली की ॲप आपल्या वतीनं स्क्रीनवरची बटणं दाबू शकतं. रॉकेट एकेका ॲपच्या पानावर जाऊन Force stop दाबत होतं, व्हॉट्सॲपच्याही. असं थांबवलेलं ॲप सहसा तुम्ही स्वतः उघडेपर्यंत जागं होत नाही. तोवर मेसेज येत नाहीत. घड्याळाचं ॲप थांबवलं तर गजरही जातो.

(कॉम्प्युटरवरचे रजिस्ट्री क्लीनर याच जातीचे. शेकडो नोंदी उडवल्या तरी वाचतात काही केबी, आणि चुकीची एक उडाली तर प्रोग्राम उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट असल्या क्लीनरना सपोर्ट देत नाही.)

आधी परवानगी काढली, मग रॉकेट काढलं. जागा कुठे गेली ते व्हॉट्सॲपच्या Storage and data मधल्या Manage storage नं सांगितलं. १७ जीबी! मोठ्या फायलींची यादी वरच होती. एकच लग्नाचा व्हिडिओ चार ग्रुपांवरून आलेला, कांद्याच्या भावाचे जुने व्हिडिओ, सुप्रभात तर मोजलेच नाहीत. मामाला शेजारी बसवून एकेक विचारत गेलो, कारण पुसलेलं परत मिळेलच असं नाही. नातीचे सगळे ठेवले. तासाभरात ११ जीबी मोकळे झाले. मीडिया आपोआप डाउनलोड होणंही बंद केलं.

रात्री निघताना मामाचा अंगठा रॉकेटच्या जागी गेला. तिथं आता कॅल्क्युलेटर होता. "मग आता निघताना काय दाबू?" त्यानं विचारलं.

"काही नको. ग्रुप उघडून बघ फक्त."