रजा एका दिवसाची, पण कुणाच्या?

मंडळी, मी लोह्यात बसून कॅलिफोर्नियातल्या टीमबरोबर काम करतो. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की साडेदहा. तोच आमचा हँडओव्हर.

माळेगावची यात्रा येते मार्गशीर्षात, म्हणजे साडेदहाच्या दिवसांत. तेव्हा "गुरुवारी रजा" एवढंच लिहिलं तर घोळ ठरलेला. मी गुरुवारी सकाळी सहाला यात्रेला निघतो, तेव्हा तिकडे बुधवार दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्यांच्या हिशेबाने रजा अजून सुरूच नाही!

म्हणून मी असं लिहितो: "बुधवारी तुमच्या सकाळी ८:३० ते ९:३० (माझे रात्री १० ते ११) कॉलवर आहे. पुढचा कॉल शुक्रवारी तुमच्या ८:३० ला." म्हणजे रजा एका दिवसाची, पण मधे ४७ तास. वेळेपुढे `UTC+5:30` टाकतो, कारण नुसतं `IST` इस्रायल आणि आयर्लंडवालेही वापरतात.

"लागलंच तर फोन करा" मात्र लिहीत नाही. खंडोबाच्या गर्दीत रेंज मिळेलच असं नाही, आणि समोरचा त्याच भरवशावर डिप्लॉय करून बसतो. त्यापेक्षा एका सहकाऱ्याचं नाव देतो... अर्थात, त्याला आधी विचारून!